फोटोतला पसारा आणि भिंतीवरचा तक्ता

समोर एक फोटो आहे असं धरून चालू. दारात उभं राहून, दिवा लावून, खोलीतलं काहीही न हलवता काढलेला. खोली दहा बाय दहाची आणि मुलगी तिसरीतली. पलंगावर चादरीचा बोळा, त्याखालून डोकावणारा ओला टॉवेल. खुर्चीला पाठ आहे हे फक्त आठवणीने कळतं, कारण तिच्यावर गणवेश, फ्रॉक, जीन्स आणि एक जॅकेट एकावर एक चढलेले. फरशीवर प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा ढीग, सुटी स्केच पेनं, कागदाची कातरणं, आणि या सगळ्यातून वाट काढत निघालेले दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे. एकाचा भाला मोडलाय. टेबलावर वह्या, चिकटपट्टी, पाण्याची बाटली आणि कालच्या पोह्यांचा डबा. टेबलाखाली दप्तर तोंड वासून पडलेलं.

असा फोटो बहुतेक घरांत एकाच कारणासाठी काढला जातो. आई तो ऑफिसात बसलेल्या बाबांना पाठवते, खाली लिहिते ‘बघा तुमच्या लेकीचे प्रताप’. तिथून तो कुटुंबाच्या ग्रुपवर जातो. आत्या हसते, काका ‘आमच्या वेळी’ची एक गोष्ट सांगतात, आणि संध्याकाळी मुलीला हुकूम सुटतो, ‘आधी खोली आवर, मग टीव्ही.’ अर्ध्या तासाने आई आत डोकावते तर मुलगी फरशीच्या मधोमध बसून मावळ्यांची लढाई लावतेय. मग आवाज चढतो.

मुलीची बाजू घ्यायची तर एवढंच पाहावं, की तिने खरोखर सुरुवात केली होती. तिने पहिला मावळा उचलला. आता तो ठेवायचा कुठे? दिवाळीनंतर मावळ्यांना घरात जागाच मिळालेली नाही. तो हातात राहिला, आणि हातात मावळा राहिला की आठ वर्षांचं मूल काय करणार? ‘खोली आवर’ हे मोठ्यांना एक काम वाटतं. प्रत्यक्षात त्यात कचरा ओळखणं, कपड्यांची छाननी, भांडी स्वयंपाकघरात नेणं, वस्तू जागेवर ठेवणं आणि बिनजागेच्या वस्तूंचं काय करायचं ते ठरवणं, अशी निदान पाच कामं आहेत. शेवटचं काम तर मोठ्यांनाही जमत नाही; घराघरांतले माळे याची साक्ष देतील.

तोच फोटो रागावण्याऐवजी वाचायला घेतला तर तक्ता जवळजवळ आपोआप तयार होतो. घर वाचण्यासाठी फोटो वापरणं तसं नवीन नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसमधल्या ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरांचा मानववंशशास्त्रज्ञांनी याच पद्धतीने अभ्यास केला. खोल्याखोल्यांचे हजारो फोटो काढले आणि त्यातल्या वस्तू मोजल्या. त्यावरचं पुस्तक २०१२ साली आलं. डोळ्यांना सवयीने दिसेनासं झालेलं फोटोत दिसतं. रोज त्याच खुर्चीजवळून जाणाऱ्या आईला कपड्यांचा डोंगर ‘नेहमीचाच’ असतो. फोटोत मात्र त्यातला प्रत्येक कपडा वेगळा काढता येतो.

फोटो काढायची रीत सोपी आहे. एक दारातून, एक फरशीचा, एक टेबलाचा आणि एक पलंगाखालचा, असे चार पुरतात. काढताना काहीही सरकवायचं नाही. पाहुणे येणार म्हणून आवरल्यावर काढलेला फोटो या कामाला बाद. शक्य असेल तर फोन मुलीच्याच हातात द्यावा. तिच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत कपाटाचा वरचा कप्पा येतच नाही, आणि हीच मोठी माहिती आहे. आणि फोटो ग्रुपवर टाकू नये. आपला पसारा आत्या-काकांनी पाहिलाय हे कळलेलं मूल पुढच्या वेळी फोटो काढू देत नाही, आणि देतं तेव्हा आधी सगळं पलंगाखाली सारतं.

आता मोजणी. के. सी. डेव्हिस नावाच्या अमेरिकी समुपदेशक लेखिकेने घर आवरण्याची एक सुटसुटीत विभागणी मांडली आहे. कोणत्याही पसरलेल्या खोलीत पाचच प्रकारच्या गोष्टी असतात, असं ती म्हणते: कचरा, भांडी, कपडे, जागा असलेल्या वस्तू आणि जागा नसलेल्या वस्तू. आपल्या फोटोला ही चाळणी लावून पाहू. ठोकळ्यांचा ढीग एकच वस्तू धरला तर फोटोत ७० वस्तू मोजता येतात. त्यात कचरा १४: कातरणं, चॉकलेटचे कागद, पेन्सिलीची साल. भांडी ३: डबा, बाटली, एक वाटी. कपडे ११. वह्या-पुस्तकं, कंपासपेटी अशा जागा असलेल्या वस्तू १७. उरल्या २५, त्यांना जागाच नाही.

एक तृतीयांशाहून जास्त वस्तू बेघर आहेत, आणि त्यांना घर देणं हे मुलीचं काम नव्हे, पालकांचं आहे. तक्ते फसतात ते बहुतेक इथेच. दुकानातून रंगीत तक्ता आणला, भिंतीवर लावला, चांदण्यांचं पाकीट आणलं, आणि मावळे अजून फरशीवरच आहेत. म्हणून तक्त्याच्या आधी एक रविवार त्या पंचवीस वस्तूंना द्यावा लागतो.

या रविवारी काय झालं ते पाहू. मावळे आठ. ते बुटांच्या रिकाम्या खोक्यात गेले आणि खोकं पलंगाखाली पुढच्या कडेला आलं. नऊ स्केच पेनं सुटी पडत होती, कारण त्यांचं प्लॅस्टिकचं पाकीट पहिल्याच आठवड्यात फाटलं होतं. आइस्क्रीमचा रिकामा डबा त्यांच्या नावे झाला. तीन पेनं कोरडी ठणठणीत निघाली, ती कचऱ्यात. दोन रॅकेटी आणि शटलचा डबा दारामागे, दोन हुक ठोकून. शाळेचं ओळखपत्र रोज सकाळी हरवत असे. त्याला दप्तराच्याच खुंटीवर जागा मिळाली. शाळेत केलेल्या हस्तकलेच्या तीन कलाकृती होत्या, त्या फेकायच्या म्हटल्यावर डोळ्यांत पाणी आलं. भिंतीवर एक दोरी बांधून त्या कपड्यांच्या चिमट्यांनी टांगल्या. नियम असा, की दोरीवर तीनच राहतील. चौथी आली की कोणती उतरवायची ते मुलगी ठरवेल. उरली गणपतीपुळ्याहून आणलेल्या शिंपल्यांची पिशवी. ती बरणीत गेली आणि बरणी खिडकीत.

‘जागा असलेल्या’ वस्तूंतही एक गोम होती. ठोकळ्यांना जागा होती, झाकणाचा मोठा डबा, पण तो कपाटाच्या डोक्यावर. म्हणजे ठोकळे काढायला बाबा लागतात आणि ठेवायलाही बाबाच. काढायच्या वेळी मुलगी बाबांच्या मागे लागते. ठेवायच्या वेळी कशाला लागेल? डबा खाली आला, झाकण मात्र वरच राहिलं. मुलांच्या रोजच्या वस्तूंच्या डब्याला झाकण नसलेलंच बरं. उघडा, ठेवा, लावा या तीन कृतींऐवजी टाका एवढी एकच कृती उरते. मळक्या कपड्यांच्या बादलीलाही हेच लागू.

मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर वस्तू ठेवण्याची ही कल्पना मारिया माँटेसरींच्या शाळेची. १९०७ साली त्यांनी रोममधल्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. तिथे कपाटं बुटकी, प्रत्येक साधनाची जागा ठरलेली, आणि बहुधा प्रत्येक साधन एकेकच. एकाने जागेवर ठेवलं नाही तर दुसऱ्याला ते मिळणार नाही, हे मुलांना शिकवावं लागत नाही. रिकामी जागा ते सांगते. झाडणं, पुसणं, ओतणं ही कामं तिथे अभ्यासाचाच भाग होती. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी हा विचार रुजवला. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी तो वापरला. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, दगड, बिया, पानं हीच साधनं झाली. खिडकीतली शिंपल्यांची बरणी ‘आतून बाहेर काढायची आणि परत ठेवायची’ एवढ्यासाठी पुरेशी आहे. त्यासाठी महागडी रॅक लागत नाही.

कपड्यांकडे मात्र जरा थांबून पाहायला हवं, कारण खुर्चीवरचा डोंगर आळसाने झालेला नाही. त्या अकरा कपड्यांत फक्त चार मळके होते. दोन धुऊन-वाळून आलेले, घडी न झालेले. एक तो ओला टॉवेल. उरलेले चार ‘तासभर घातलेले’ होते: वाढदिवसाला घातलेला फ्रॉक, क्लासला नेसलेली जीन्स, जॅकेट आणि एक टी-शर्ट. ते धुवायला टाकले तर आई म्हणते, ‘आत्ता तर घातलास!’ कपाटात ठेवले तर आजी म्हणते, ‘घातलेले कपडे धुतलेल्यांत?’ दोघींच्या मध्ये खुर्ची सापडते. मोठ्यांच्या खोलीतही अशी एक खुर्ची असतेच, तिच्याबद्दल सहसा बोललं जात नाही. यावर उपाय म्हणून ‘पुन्हा घालायचे’ अशी एक खुंटी लावली, तीन कपड्यांपुरती. चौथा कपडा आला की सर्वांत जुना बादलीत. आणि टॉवेल बाल्कनीतल्या दोरीवर, कारण ओला टॉवेल चादरीखाली एक रात्र राहिला की दोन्हींना कुबट वास येतो.

एवढं झाल्यावर तक्ता. तो साधाच असावा. जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या मागे किंवा पुठ्ठ्यावर पाच ओळी आखायच्या:

१. कचरा डब्यात
२. डबा, बाटली, वाट्या स्वयंपाकघरात
३. कपडे: बादली, खुंटी किंवा कपाट
४. खेळ आपापल्या डब्यात
५. उद्याचं दप्तर भरलं

वर सोमवार ते शनिवार असे सहा रकाने. क्रम असाच ठेवण्यामागे कारण आहे. कचरा सगळ्यांत सोपा. त्याबद्दल निर्णय घ्यावा लागत नाही आणि दोन मिनिटांत फरशी दिसायला लागते. भांडी दुसरी, कारण ती खोलीबाहेर जातात आणि त्यांच्याबरोबर मुंग्याही जातात. खेळ मुद्दाम चौथे. ते पहिले आले तर लढाई पुन्हा सुरू होते.

ओळींत लिहायचं ते काम दिसेल असं. ‘खोली नीट ठेवली’ किंवा ‘स्वच्छता केली’ असं लिहिलं तर रोज वाद होतो, कारण मुलीचं नीट आणि आईचं नीट यांत मैलाचं अंतर. इथे फोटो पुन्हा कामाला येतो. त्या रविवारी सगळं जागेवर लागल्यावर टेबलाचा, खुंटीचा आणि पलंगाखालच्या खोक्यांचा एकेक फोटो काढायचा, छोटा छापून त्या त्या ओळीशेजारी डकवायचा. ‘झालं’ म्हणजे असं. चित्र पाहून पुढचं पाऊल ओळखण्याची ही पद्धत स्वमग्न मुलांसोबत काम करणाऱ्यांना चांगली परिचयाची आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात उभ्या केलेल्या कार्यक्रमात मुलांचा दिवस चित्रांच्या पट्टीवर मांडला जातो. तोंडी सूचना हवेत विरून जाते, चित्र तिथेच थांबतं. ज्या मुलाला अजून वाचता येत नाही त्यालाही यामुळे तक्ता वापरता येतो. मात्र तीन-चार वर्षांच्या मुलाला पाच ओळी फार होतात. त्याला कचरा आणि खेळ या दोनच पुरे.

तक्ता मुलीच्या डोळ्यांच्या पातळीवर लावावा, म्हणजे जमिनीपासून साधारण साडेतीन-चार फुटांवर, आणि खोलीच्या आत. दिवाणखान्यात लावला की तो पाहुण्यांसाठी होतो. खुणेसाठी चांदण्या लागत नाहीत. पुठ्ठ्याच्या डाव्या कडेला पाच कपड्यांचे चिमटे लावायचे. काम झालं की त्या ओळीचा चिमटा उजव्या कडेला. मग रकान्यात पेन्सिलने बरोबरची खूण. चिमटा सरकवायला हात लागतो आणि मुलांना ते आवडतं, हे त्यामागचं साधं गणित.

बक्षिसाचा प्रश्न लगेच येतो. मानसशास्त्रात याबाबत १९७३ सालचा एक प्रयोग गाजलेला आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांना स्केच पेनांनी चित्रं काढायला दिली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढल्यास प्रमाणपत्र मिळेल. नंतर मोकळ्या वेळात याच मुलांचा चित्रं काढण्यातला रस इतरांपेक्षा कमी झालेला दिसला. या प्रयोगाचा दाखला देऊन ‘बक्षीस द्यायचंच नाही’ असं सांगितलं जातं, पण तिथली मुलं मुळात चित्रांची आवड असलेली होती. खोली आवरण्याची आवड असलेलं मूल सापडणं कठीण, तेव्हा जाण्यासारखं काही नाही. तरी चॉकलेट न दिलेलं बरं, त्याचं कारण वेगळं आहे: तिसऱ्या आठवड्यात भाव वाढतो. ‘कपड्यांचं एक आणि दप्तराचं एक’ अशी घासाघीस सुरू झाली, की तक्त्याऐवजी हिशेबाची वही लागेल. आठवड्याअखेरी सगळ्यांनी मिळून बुद्धिबळाचा एक डाव, किंवा दोरीवर नवं चित्र लावणं, एवढ्यावर भागतं.

आता वेळ. ‘रोज संध्याकाळी’ म्हणजे कधीच नाही. तक्ता एखाद्या रोज न चुकता घडणाऱ्या गोष्टीला बांधावा लागतो. या घरात रात्रीचं जेवण साडेआठला होतं, आणि कुकरची शिट्टी साधारण आठला. ठरलं असं: कुकर लावला की तक्ता. दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. टेबलावर गजराचं घड्याळ. झोपायच्या आधीची वेळ टाळलेली बरी. तेव्हा मूल पेंगुळलेलं असतं, आई-बाबा थकलेले, आणि प्रत्येक ओळीवर रडारड होते. सवय अशा एखाद्या खुणेला बांधली तर ती किती दिवसांत अंगवळणी पडते, याचा अभ्यास लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी केला. ९६ जणांनी रोजच्या खुणेला जोडून एकेक नवी गोष्ट सुरू केली. मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण फरक मोठा होता: कुणाला १८ दिवस, कुणाला आठ महिन्यांहून जास्त. ही सगळी मोठी माणसं होती, स्वतःहून आलेली. तिसरीतल्या मुलीकडून ‘२१ दिवसांत सवय’ची अपेक्षा धरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. त्याच अभ्यासात आणखी एक दिलाशाची गोष्ट होती, एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही.

पहिल्या आठवड्यात आई किंवा बाबांनी खोलीत असायला हवं. उचलायला नव्हे, बसायला. ‘आता कुठली ओळ?’ एवढंच विचारायचं. दुसऱ्या आठवड्यात दारात. तिसऱ्यात स्वयंपाकघरातून. आणि मुलगी गेल्यावर चादर पुन्हा ओढून नीट करण्याचा मोह आवरायचा. आपण केलेलं काम रोज मागून दुरुस्त होतंय हे मुलांना पक्कं कळतं. अशा घरातलं मूल प्रत्येक ओळीनंतर ‘झालं का गं आई?’ विचारत राहतं. हे ऐकू आलं की समजावं, तक्त्यावरच्या फोटोऐवजी आईचा चेहरा पाहिला जातोय.

दोन आठवडे झाले की तक्ता खाली काढून वाचावा. या घरातल्या तक्त्यात कचरा आणि भांडी जवळजवळ पूर्ण भरलेली होती, पण मंगळवार-गुरुवारच्या रकान्यात कपडे आणि दप्तर दोन्ही कोरे. बाबांनी लगेच ‘आळशीपणा’ म्हटलं. आजीने आठवण करून दिली, की त्या दोन दिवशी कराटेचा क्लास असतो आणि मुलगी घरी येते तीच सव्वाआठला. त्या दोन दिवशी कुकर तिच्याआधीच शिट्ट्या देऊन मोकळा झालेला असतो. मुलीचा दोष शून्य, वेळापत्रकाचा पूर्ण. मंगळवार-गुरुवारच्या खालच्या तीन चौकोनांवर काट मारली, दप्तर भरायचं काम शाळेतून आल्या आल्या चारला नेलं. पुढच्या आठवड्यात रकाने भरले. एकच ओळ रोज कोरी राहत असेल, तर बहुतेक वेळा त्या ओळीतल्या वस्तूंची जागा चुकलेली असते. एकच वार कोरा राहत असेल, तर वेळ चुकलेली असते. सगळंच कोरं असेल तर मोठ्यांपैकी कुणी तरी पाहणं सोडलंय.

फसवणुकीच्याही खुणा असतात. शनिवारी रात्री एकाच हाताने, एकाच दाबाने उमटलेल्या सहा खुणा ओळखायला गुप्तहेर लागत नाही. किंवा तक्ता पूर्ण, फरशी चकचकीत, आणि पलंगाखालच्या मावळ्यांच्या खोक्यात मोजे, शटल, अर्धं सफरचंद आणि इतिहासाची वही. यात रागावण्यासारखं कमी आणि शिकण्यासारखं जास्त आहे: दहा मिनिटांत मावणार नाही इतक्या वस्तू खोलीत आहेत. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात ३६ लहानग्यांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिलं. चारच असताना मुलं प्रत्येक खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. ती मुलं तिसरीतल्या मुलीहून बरीच लहान होती, दीड ते अडीच वर्षांची, पण कल्पना उसनी घ्यायला हरकत नाही. अर्धे खेळ माळ्यावर, अर्धे खाली, महिन्याने अदलाबदल. माळ्यावरून उतरलेली जुनी गाडी नव्यासारखी वाटते, आणि खाली आवरायला निम्मंच उरतं.

कामाला येणाऱ्या मावशींची यात एक भूमिका असते, ती फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. केर काढायला फरशी मोकळी हवी, म्हणून त्या सकाळी फरशीवरचं सगळं उचलून पलंगावर ठेवतात. रात्री झोपायला पलंग मोकळा हवा, म्हणून मुलगी ते पुन्हा फरशीवर. त्याच वस्तू रोज वर-खाली प्रवास करत असतात आणि प्रत्येक फेरीत एखादं टोपण हरवतं. मावशींना एकच सांगावं: फरशीवर जे सापडेल ते दारातल्या एका टोपलीत टाका. संध्याकाळी मुलगी ती टोपली रिकामी करते. टोपली ओसंडली तर तक्ता नीट चाललेला नाही, हे कुणी न सांगता कळतं.

रविवारचं काम वेगळं, अर्ध्या तासाचं आणि दोघांचं. चादर बदलणं, दप्तर पूर्ण उलटं करून झटकणं, आणि ओल्या फडक्याने पुसणं: आधी खिडकीची कड, मग टेबल, मग खालचे कप्पे. वरून खाली, कारण धूळ खालीच पडते, केर शेवटी. पलंगाखालचा केर मुलांना मोठ्यांपेक्षा चांगला काढता येतो, त्यांना वाकावं लागत नाही. साधं पाणी आणि फडकं एवढंच मुलांच्या हाती द्यावं. फिनेल, ॲसिड, ब्लीच ही बाटल्यांची मंडळी मुलांपासून दूरच बरी. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो, तेव्हा मोठ्यांनीही त्यांची गाठ घालू नये.

हे सगळं स्वतंत्र खोली असलेल्या मुलीबद्दल झालं. पुष्कळ घरांत मुलाची ‘खोली’ म्हणजे हॉलमधला एक कोपरा, दिवाणाखालची एक पेटी आणि भिंतीवरचा एक कप्पा असतो. तिथे हीच पद्धत जास्त सोपी पडते, कारण फोटोत सत्तर वस्तू मावतच नाहीत. दोन भावंडं एकाच खोलीत असतील तर एका पुठ्ठ्यावर दोन रंगांचे चिमटे लावावेत, आणि कामं अर्धी अर्धी न वाटता ओळी वाटाव्यात. नाहीतर ‘हा कागद माझा नाही’ हा खटला रोज उभा राहतो. ओळी दर सोमवारी बदलायच्या. ताई मोठी म्हणून कपडे कायम तिच्याकडे आणि दादा मुलगा म्हणून फक्त खेळ, अशी वाटणी घरात कुणी करू पाहत असेल, तर चिमट्यांचे रंग तिथे उपयोगी पडतात. ते सगळ्यांना दिसतात.

मे महिन्यात तक्ता कोलमडतो, हे आधीच धरून चालावं. शाळा नाही, दप्तर नाही, कुकर दुपारीही लागतो आणि मामाच्या गावाला जाऊन आल्यावर कोणतीच वेळ ठरलेली राहत नाही. सुटीपुरत्या पाचांतल्या तीन ओळी झाकून टाकाव्यात. कचरा आणि भांडी या दोन मात्र ठेवाव्या लागतात. आंब्याचे दिवस असतात, पलंगाखाली एक कोय राहिली तरी दुसऱ्या सकाळी मुंग्यांची रांग भिंतीवरून थेट मावळ्यांच्या खोक्यापर्यंत गेलेली असते.